पेन्सिल सेल दिसतो म्हणून पेन्सिल सेल नसतो

"लॅमिंग्टन रोडवरच्या टॉर्चमधला सेल आहे, साइज सेम आहे म्हणजे घड्याळात चालेल ना?"

नको टाकूस रे! तू पाठवलेला सेलचा फोटो झूम कर, रॅपरवर 14500 लिहिलंय, ते काही मॉडेल नंबर नाही, 14 म्हणजे साधारण 14 मिमी जाडी आणि 500 म्हणजे 50.0 मिमी लांबी, म्हणून तर पेन्सिल सेलच्या जागेत बरोबर बसतो. पण हा लिथियम आयन, शेजारीच 3.7V छापलंय, घड्याळाला हवे 1.5, म्हणजे जवळजवळ अडीचपट, मशीन जळू शकतं. वरचं टोक सपाट दिसलं तर संशय घ्यायचा, पण बटण असलेलेही 14500 मिळतात त्यामुळे नुसत्या टोकावर जाऊ नकोस. घड्याळासाठी LR6 किंवा R6 लिहिलेला साधा पेन्सिल सेल बघून घे, स्टेशनबाहेरही मिळेल.