लेगिंग सैल पडण्यामागची गिरणी आणि इस्त्री

इलास्टेन 1958 साली अमेरिकेत तयार झालं ते अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय म्हणून. घामाने आणि तेलाने रबर खराब व्हायचं. हा धागा त्याला जास्त टिकायचा आणि पाचपट ताणूनही परत यायचा. जीन्समध्ये तो शिरायला पुढे बरीच वर्षं गेली. तुळशीबागेत चुडीदारशेजारी लेगिंगचे गठ्ठे दिसू लागले ते त्याहून कितीतरी उशिरा.

लेबलवर 95 टक्के कॉटन, 5 टक्के इलास्टेन असं असतं. त्या पाच टक्क्यांचं गिरणीत काय केलं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. विणून आलेलं कापड आखडलेलं असतं आणि त्याच्या कडा गुंडाळतात. म्हणून दोन्ही कडा पिनांत धरून ते स्टेंटर मशीनवर रुंदीला ताणतात आणि साधारण 190 अंशांच्या गरम हवेतून अर्धा-पाऊण मिनिट काढतात. यालाच हीट सेटिंग म्हणतात. इलास्टेनमध्ये मऊ भाग ताणले जातात आणि कडक भाग एकमेकांना धरून त्यांना मागे खेचतात. उष्णतेने ही धरपकड ढिली होते, आणि थंड होताना कापड ज्या मापात असेल त्या मापात पुन्हा घट्ट बसते.

खरा वाद आहे तो या रुंदीचा. कापड जास्त ताणून सेट केलं की एका किलोत जास्त कापड निघतं, पण ते पातळ होतं आणि त्याची ताणशक्ती आधीच थोडी खर्ची पडते. कमी सेट केलं तर कापड दमदार राहतं, पण पहिल्या धुण्यात आटतं आणि गिऱ्हाईक परत करायला येतं. कापडवाले दोन्ही बाजूंनी बोलतात. स्वस्त लेगिंग लवकर लोंबते तेव्हा मात्र दोष सरसकट धुणाऱ्यावर ढकलला जातो, हे मला पटत नाही.

अर्थात घरीही तेच होतं. कॉटनच्या खुणेवर इस्त्री 200 अंशांच्या आसपास जाते आणि कोळशाच्या इस्त्रीला तर खूणच नसते. गुडघा ताणून धरून तिथे ती दाबून ठेवली, की गिरणीतलंच काम अर्धवट आणि भलत्या मापात पुन्हा होतं. कापड जळल्याचा डाग दिसत नाही, म्हणून कळतही नाही. एक टिंब असलेल्या खुणेला, म्हणजे 110 अंशांपर्यंत, कपडा उलटा करून आणि न ओढता इस्त्री केली तर हा धोका बराच कमी होतो.

जीन्सचं जरा वेगळं आहे. तिच्यात एक-दोन टक्केच इलास्टेन असतं आणि ते सुताच्या पोटात लपलेलं असतं. ड्रायरची उष्णता किंवा क्लोरीनचं ब्लीच लागून ते आत तुटलं, तर वरचं सूत शाबूत राहतं. बसण्याच्या जागी बारीक पांढरे केस बाहेर डोकावतात आणि कापडावर लाटा उठतात. गुडघ्याला नुसता फुगा आला असेल आणि तो गार पाण्यात धुतल्यावर बसत असेल, तर धागा अजून जिवंत आहे. धुऊनही फुगा तसाच राहिला तर तो धागा परत येत नाही.