बार चार्ट रेस करून घेण्याआधी

बार चार्ट रेस, म्हणजे वर्षागणिक आकड्यांप्रमाणे लांबी आणि क्रम बदलणाऱ्या पट्ट्यांची शर्यत, पडद्यावर सुरू झाली की सभागृहातली माणसं हातातला मोबाइल खाली ठेवतात. कोण कोणाला मागे टाकतंय, आपलं राज्य कितव्या नंबरावर आहे, याची खरोखर उत्सुकता लागते. म्हणून आम्ही अशी अ‍ॅनिमेशन आवडीने करतो. पण ती बघून प्रेक्षकांनी आकड्यांची तुलना करावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर हे आधी वाचा.

जनगणनेचे आकडे घेऊ. 2001 साली उत्तर प्रदेशची लोकसंख्या 16.62 कोटी होती आणि महाराष्ट्राची 9.69 कोटी. 2011 साली हेच आकडे 19.98 आणि 11.24 कोटी झाले. शर्यतीत सहसा पहिल्या नंबरची पट्टी कायम पडद्याच्या उजव्या कडेला टेकलेली असते. ती वाढली की तिला जागा व्हावी म्हणून खालची मोजपट्टीच आक्रसते. उत्तर प्रदेशची पट्टी 1000 पिक्सेलची धरली, तर महाराष्ट्राची 2001 साली 583 पिक्सेल भरते आणि 2011 साली 562. म्हणजे दीड कोटीहून जास्त माणसं वाढली आणि पट्टी मात्र आखूड झाली! अक्षावरचे आकडे सरकताना दिसतात, पण तेव्हा नजर नावांवर खिळलेली असते. शिवाय दहा वर्षांपूर्वीची पट्टी आता पडद्यावर नाही. तिची लांबी आठवणीतून ताडायची, तर ते कोणालाच जमत नाही. लक्षात राहतो तो फक्त नंबर.

दुसरी अडचण मधल्या वर्षांची. 1991 साली, आजच्या सीमा धरून, बिहार 6.45 कोटी आणि पश्चिम बंगाल 6.81 कोटी होता. 2001 साली बिहार 8.30 आणि बंगाल 8.02 कोटी. सॉफ्टवेअर या दोन टोकांमध्ये सरळ रेषेने आकडे भरतं, त्यामुळे 1996 च्या उत्तरार्धात बिहार पुढे जाताना दिसतो. प्रेक्षक नेमके याच क्षणी टाळ्या वाजवतात. पण ते साल कोणत्याही मोजणीतून आलेलं नाही, गणितातून आलेलं आहे.

म्हणून आम्ही सुचवतो की मोजपट्टी सुरुवातीपासून 20 कोटींवर बांधून ठेवावी. मग वाढलेली पट्टी वाढलेलीच दिसते. आकडे शंभरपट वाढत असतील तर हा उपाय चालत नाही, सुरुवातीच्या पट्ट्या दिसेनाशा होतात. तिथे शर्यतीसोबत साधा रेषालेख घ्याच. सगळी वर्षं एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात आणि दोन रेषांमधलं अंतर बोटाने दाखवता येतं. छापील अहवालासाठी तर आम्ही फक्त रेषालेखच देतो.

एक्सेल फाइल पाठवताना प्रत्यक्ष मोजलेली वर्षं पिवळ्या रंगाने भरून पाठवा. त्या वर्षांवर आम्ही चित्र दोन सेकंद थांबवतो, आणि मधल्या वर्षांच्या आकड्यांखाली ‘अंदाजे’ असं लिहितो.