दुसरा कर्ण मोजला का?

राजापूरच्या बाजूला कोकणातली नेहमीची जागा असते तशीच ही एक जागा. वर रस्ता, खाली उतार, चारही बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा आणि मधे दोन जुनी कलमं. मालकांना घर बांधायचं होतं आणि नकाशा काढायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही तिघांनी एका दुपारी टेपने मापं घेतली. वरच्या बाजूचे कोपरे अ आणि ब, खाली ब च्या समोर क, अ च्या समोर ड. अब २४.०० मीटर, बक १८.३१, कड २३.०२, डअ १७.०३. शिवाय दोन्ही कर्ण: अक २८.४३ आणि बड ३०.२३.

चार बाजू मोजल्या की जागेचा आकार ठरला असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. खाटेच्या चौकटीचे खिळे सैल झाले की चारही पाट्या तेवढ्याच राहतात, पण चौकट तिरकी होते आणि मधली जागा कमी-जास्त होते. चौकोन पक्का करायला एक कर्ण लागतोच, कारण कर्णामुळे त्याचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. म्हणजे नकाशा काढायला पाच मापं पुरतात. सहावं माप, म्हणजे दुसरा कर्ण, नकाशाला लागतच नाही, आणि म्हणूनच ते तपासणीसाठी मोलाचं असतं.

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी अब ही रेघ २४ मीटरची ओढली. अ वर २८.४३ त्रिज्येचं आणि ब वर १८.३१ त्रिज्येचं वर्तुळ काढलं. दोन्ही जिथे छेदतात तो क. मग अ वरून १७.०३ आणि क वरून २३.०२ ची वर्तुळं काढून ड मिळवला. शाळेत कंपासने करायचो तेच. आता या आकृतीत अक मोजला तर उत्तर २८.४३ येणारच, कारण तो आकडा आपणच घातला आहे. नवीन लोक हमखास इथे फसतात. चारही बाजूंवर अंतर मोजायची `DIST` ही कमांड फिरवतात, सगळे आकडे वहीशी जुळतात आणि नकाशा बरोबर आहे असं सांगून मोकळे होतात. त्यांनी तपासलेलं असतं ते एवढंच, की आकडे टाइप करताना आपली चूक झाली नाही.

म्हणून मी ब पासून ड पर्यंत मोजलं. `DIST` टाइप करायचं, ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये एंडपॉइंट चालू ठेवायचा आणि दोन्ही टोकं पकडायची. स्नॅप नसेल तर डोळ्याला टोक वाटणारी जागा खऱ्या टोकापासून दोन-चार सेंटीमीटर सरकलेली असू शकते, आणि मग तपासणीतच चूक शिरते. खाली कमांड लाइनवर असं आलं:

```
Distance = 30.3396,  Angle in XY Plane = 146,  Angle from XY Plane = 0
Delta X = -25.1348,  Delta Y = 16.9922,   Delta Z = 0.0000
```

नकाशा ३०.३४ म्हणतो, टेप ३०.२३ म्हणाली होती. अकरा सेंटीमीटरचा फरक. तीस मीटरवर टेपचा झोल आणि हाताचा फरक धरून दोन-तीन सेंटीमीटर मी सोडून देतो. अकरा सोडता येत नाहीत.

या उत्तरात एक गंमत आहे, ती माहीत असलेली बरी. तिथे दिसणारे १४६ अंश हा जागेच्या कोपऱ्याचा कोन नाही. बड ही दिशा एक्स अक्षापासून किती वळली आहे, ते तो आकडा सांगतो. दोन रेघांमधला कोन हवा असेल तर `MEASUREGEOM` मधला `Angle` हा पर्याय घ्यावा लागतो. शिवाय कोनाचा आकडा पूर्णांकात दाखवायची सेटिंग असेल तर अर्ध्या अंशाची चूक दिसतच नाही. `UNITS` मध्ये जाऊन कोनासाठी निदान एक दशांश स्थळ ठेवावं.

आता चूक शोधायची कुठे? एका कर्णाचा फरक चूक असल्याचं सांगतो, ती कोणत्या बाजूला आहे ते सांगत नाही. सहापैकी कोणतंही माप चुकलेलं असू शकतं. इथे कोन कामाला येतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जागेवर गेलो. अ कोपऱ्यावरून दोन्ही बाजूंना बरोबर सहा-सहा मीटरवर खुंट्या मारल्या आणि त्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजलं: ८.७३ मीटर. गवंडी काटकोन धरायला तीन-चार-पाच करतात, त्याचाच हा भाऊ. अंतराचा अर्धा भाग ४.३६५, त्याला सहाने भागलं की ०.७२७५ येतात. ही अर्ध्या कोनाची साइन. त्यावरून पूर्ण कोन निघतो ९३.४ अंश. नकाशात `MEASUREGEOM` ने तोच कोन ९३.८ दाखवला. खुंट्या तीनच मीटरवर मारल्या असत्या तर एक सेंटीमीटरच्या चुकीने कोन पाव अंशाहून जास्त हलला असता. सहा मीटरवर तेवढ्याच चुकीने तो साधारण ०.१४ अंश हलतो. म्हणून हात जेवढे लांब घेता येतील तेवढे घ्यावेत.

मग मी बाजूला फक्त अबड हा त्रिकोण वेगळा काढला. २४.००, १७.०३ आणि ३०.२३, तिन्ही टेपची मापं. त्यात अ चा कोन मोजला तर ९३.४ आला, खुंट्यांच्या कोनाशी तंतोतंत. म्हणजे अब, डअ आणि बड ही तीन मापं एकमेकांना साक्ष देत होती. संशय उरला तो क कोपऱ्याला जाणाऱ्या तीन मापांवर: बक, कड आणि अक.

कड खालच्या सपाटीवर होती. अक आम्ही पायऱ्या-पायऱ्यांनी मोजला होता, म्हणजे टेप आडवी ताणायची, हवेत धरलेल्या टोकाखाली ओळंबा सोडायचा, खुंटी मारायची आणि तिथून पुढे. डअ आणि बड ही मापंही तशीच घेतली होती. बक मात्र सगळ्यात शेवटी मोजलेली, ऊन कलतं झालेलं. वहीत त्या मापापुढे खूण नव्हती. बरोबरच्या मुलाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दादा, ती आपण गडग्याला धरून सरळ खाली सोडली होती ना." झालं, टेप उतारावर निजली होती.

नकाशा म्हणजे जागेची वरून पडलेली सावली. त्यात उताराची लांबी येत नाही, आडवं अंतर येतं. पाण्याच्या नळीने ब आणि क मधली उंची काढली, ती २.७० मीटर भरली. उताराची लांबी हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणून १८.३१ च्या वर्गातून २.७० चा वर्ग वजा केला आणि वर्गमूळ घेतलं. उत्तर १८.११. वीस सेंटीमीटर जास्तीचे होते. त्या वीसातले अकराच दुसऱ्या कर्णात दिसले, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कर्णात दिसणारा फरक आणि मूळ चूक सारख्या आकाराच्या नसतात. म्हणून दिसलेला फरक अंदाजाने एखाद्या बाजूतून कापून टाकू नये.

१८.११ घालून आकृती पुन्हा काढली. आता `DIST` ने बड ३०.२२६६ दाखवला, वहीत ३०.२३. अ चा कोन ९३.३. `AREA` कमांडमध्ये `Object` निवडून चारही बाजूंच्या अखंड बंद रेघेला, म्हणजे पॉलिलाइनला, हात लावला तर क्षेत्रफळ ४११.९९ चौरस मीटर आलं. आधीच्या चुकीच्या आकृतीत ते ४१४.२० होतं. सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चोवीस चौरस फूट जमीन कागदावर उगवली होती. गुंठ्यात सांगायचं तर ४.०९ चे ४.०७ झाले. पॉलिलाइन बंद नसेल तरी `AREA` शेवटचा बिंदू पहिल्याला मनातल्या मनात जोडून क्षेत्रफळ देते, पण लांबीत ती न काढलेली बाजू धरत नाही. परिमिती बाजूंच्या बेरजेपेक्षा कमी आली तर पहिली शंका तीच घ्यावी.

हीच उताराची चूक संगणकाच्या आतही होते. प्लिंथसाठी लेव्हल दाखवायच्या म्हणून मी क आणि ड ला २.७० मीटर खालची झेड किंमत दिली. नंतर सहज बड मोजला तर ३०.३५! क्षणभर वाटलं, जुनी फाइल उघडली. पण `Delta Z` पाहिला तर तिथे -2.7000 होतं. `DIST` दोन बिंदूंमधलं थेट अंतर देते. बिंदू वर-खाली असतील तर तीही टेपसारखीच उतारावर निजते. अशा वेळी `OSNAPZ` ची किंमत 1 करून मोजावं, म्हणजे स्नॅपने पकडलेले सगळे बिंदू एकाच पातळीवर धरले जातात. काम झाल्यावर ती परत 0 करावी.

जादा माप घेऊन गणिताची परीक्षा करायची ही पद्धत जुनी आहे. विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. पुढे १८०४ मध्ये बंगळूरजवळ त्याने दुसरी रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली आणि मधल्या त्रिकोणांच्या साखळीतून निघालेल्या लांबीशी ती ताडून पाहिली. ती दुसरी रेषा म्हणजे आपला बड.

दुसरा कर्ण सगळंच पकडतो असं मात्र नाही. टेपच ताणून लांब झालेली असेल तर सहाही मापं एकाच प्रमाणात चुकतात आणि आकृती सुरेख जुळते. फायबरची टेप अर्ध्या टक्क्याने वाढली असेल तर क्षेत्रफळात सुमारे एक टक्का फरक पडतो, म्हणजे या जागेत चार चौरस मीटर. त्यासाठी मी एक बाजू स्टीलच्या टेपने मोजून बघतो.

आणखी एक गोष्ट मला मालकांनीच विचारली: "टेप गडग्याच्या आतून धरली की मधून?" आम्ही आतून धरली होती. गडगा साठ सेंटीमीटर जाड. मी `OFFSET` ने सीमारेषा ३० सेंटीमीटर बाहेर, म्हणजे गडग्याच्या मध्यावर नेली आणि पुन्हा `AREA` घेतली. साधारण पंचवीस चौरस मीटर वाढले. उतारावर निजलेल्या टेपच्या चुकीपेक्षा दहापटीहून जास्त. `AREA` काढलेल्या रेघेच्या आतली जागा मोजते, हद्द कुठे आहे ते तिला ठाऊक नसतं. ते मोजणीच्या नकाशावरून आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन ठरवायचं. नकाशावर मी कोपऱ्यात ठळक लिहिलं, "सर्व मापे गडग्याच्या आतील अंगाने, आडवी", आणि सहाही मापं त्याखाली मांडली.