क्रिएटिनचा पहिला डबा घेताय? मग आधी हे वाचा

आपल्या दुकानात जिमचे नवीन पोरं येतात आणि पहिला प्रश्न असतो, "भो, लोडिंग करू का डायरेक्ट सुरू करू?" काउंटरवर गर्दीत नीट सांगणं होत नाही म्हणून हा कागद डब्यासोबत देतोय, घरी जाऊन निवांत वाचा.

क्रिएटिन आपलं शरीर स्वतःच बनवतं, लिव्हर आणि किडनीत, रोज साधारण १ ग्रॅम, आणि थोडं मटण-मासळीतून येतं. स्टिरॉइडशी त्याचा काहीच संबंध नाही. जड सेट मारताना पहिल्या काही सेकंदांत जी ताकद लागते ती परत भरून द्यायला स्नायूंमधलं क्रिएटिन कामाला येतं, म्हणून फायदा दिसतो तो सेटच्या शेवटच्या एक-दोन रेपमध्ये. ज्यांच्या घरी वरण-बट्टी, शेवभाजी, भरीत-भाकरी असंच जेवण असतं, अंडी-मटण नाही, त्यांच्या स्नायूंत मुळातच साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक बऱ्याचदा जास्त जाणवतो.

आता लोडिंग. स्नायूंतला साठा पूर्ण भरायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे लोडिंग, रोज २० ग्रॅम, ५-५ ग्रॅम चार वेळा, असं ५ ते ७ दिवस, मग रोज ३ ते ५ ग्रॅम. दुसरा, पहिल्या दिवसापासून रोज ३ ते ५ ग्रॅमच, मग साठा भरायला साधारण ३-४ आठवडे लागतात. शेवटी दोघं एकाच जागी पोचतात, फक्त एक लवकर पोचतो.

समजा पोरानं २५० ग्रॅमचा डबा नेला. ६ दिवस लोडिंग केलं तर १२० ग्रॅम तिथंच संपले, उरलेले १३० ग्रॅम रोज ५ प्रमाणे २६ दिवस, म्हणजे डबा महिनाभर. लोडिंग न करता तोच डबा ५० दिवस चालतो. वर लोडिंगमध्ये पोट बिघडायचा चान्स जास्त, खास करून कोणी घाई करून १० ग्रॅम एकदम घेतले तर गॅस, जुलाब होतात. म्हणून आमचं स्पष्ट मत, नवीन माणसाला लोडिंगची गरज नाही. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असेल तर गोष्ट वेगळी.

स्कूप बघून घ्या, काही कंपन्यांचा ३ ग्रॅमचा असतो काहींचा ५ चा, डब्यावर लिहिलेलं असतं. सपाट भरायचा, शीग लावून नाही. सकाळी का संध्याकाळी याने विशेष फरक पडत नाही, पण जिमला सुट्टी असेल त्या दिवशीही घ्यायचा, हे बरेच जण विसरतात. ग्लासभर पाण्यात ढवळा, कोमट असेल तर पटकन विरघळतं, तळाशी रवा राहिला तर अजून थोडं पाणी टाकून पिऊन घ्या. सकाळी बाटलीत कालवून संध्याकाळपर्यंत ठेवू नका, लिंबूपाण्यात तर अजिबात नाही, आंबट पातळ पदार्थात ते हळूहळू खराब होतं. कोरडी पावडर तोंडात टाकायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, ठसका लागून श्वासात जाते.

पाण्याबद्दल खूप गैरसमज आहे. "क्रिएटिन घेतो म्हणजे रोज ७-८ लिटर प्यावंच लागतं", असं काही नाही. क्रिएटिन पाणी स्नायूंच्या आत खेचतं, म्हणून पहिल्या आठवड्यात, लोडिंग केलं तर जास्तच, वजन १-२ किलो वाढू शकतं. ती चरबी नाही, घाबरून बंद करू नका. पण जळगाव-भुसावळचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, ४५ पर्यंत पारा जातो आणि जिममध्ये फक्त पंखा, तेव्हा पाणी घामाच्या हिशोबानं वाढवा. सोपी खूण लघवीचा रंग, फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. क्रिएटिनमुळे पेटके येतात असं अभ्यासात दिसलेलं नाही.

केस गळतात ही भीती २००९ च्या एका छोट्या अभ्यासातून आली, त्यात रग्बी खेळाडूंच्या रक्तातलं, केस गळण्याशी जोडलं जाणारं डीएचटी हार्मोन वाढलेलं दिसलं होतं, पण केस कोणी मोजलेच नव्हते.

किडनीचं मात्र नीट समजून घ्या. क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं आणि लॅबवाले किडनीसाठी तेच मोजतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसू शकतो आणि किडनी तरी चांगली असते. निरोगी माणसात ठरलेल्या डोसनं किडनी खराब झाल्याचं आढळलेलं नाही. पण आकडा वर आला तर स्वतःच "क्रिएटिनमुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना काय घेताय ते सांगा, ते बंद करून परत टेस्ट करायला लावतील किंवा सिस्टॅटिन सी नावाची दुसरी टेस्ट सांगतील. किडनीचा त्रास आधीपासून असेल, बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर डबा उघडायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि १८ च्या आतल्या पोरांना आम्ही देत नाही. सीलबंद डबा बिल दाखवून परत घेऊ.