दहा किलोमीटर शर्यतीची आठ आठवड्यांची पूर्वतयारी

यापूर्वी नियमित न धावलेल्या व्यक्तीला दहा किलोमीटरची पहिली शर्यत इजा न होता पूर्ण करता यावी, यासाठी आखलेला हा टप्प्याटप्प्याचा सराव आहे. अर्धा तास झपाझप चालून जिला त्रास होत नाही, अशी निरोगी व्यक्ती यात गृहीत धरलेली आहे. एवढे चालणे जमत नसेल तर आधी काही आठवडे नुसते चालावे. हृदयविकार, श्रम करताना छातीत दुखणे किंवा भोवळ येणे असा इतिहास असल्यास वैद्यकीय तपासणीनंतरच सुरुवात करावी.

या आखणीमागचे मुख्य कारण असे, की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारल्याचे जाणवते. कंडरा आणि हाडे बळकट व्हायला मात्र काही महिने लागतात. शिवाय नव्या भाराला तोंड देताना हाडाचा जुना अंश आधी झिजवला जातो आणि नवा अंश नंतर भरला जातो, त्यामुळे मधल्या काळात हाड काहीसे कमकुवत असते. नवशिका नेमका याच सुमारास, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दम लागत नाही म्हणून वेग वाढवतो. बहुतेक दुखणी इथून सुरू होतात.

म्हणून आठवड्यातून तीनदाच धावावे आणि दोन धावांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा. पहिल्या तीन आठवड्यांत दोन धावा प्रत्येकी ३ किलोमीटरच्या असतात आणि तिसरी, लांब धाव, क्रमाने ४, ५ व ६ किलोमीटरची होते. चौथ्या आठवड्यात लांब धाव पुन्हा ४ किलोमीटरवर आणतात. ही माघार वरवर वाया गेल्यासारखी वाटते, पण तीच वगळली तर आखणीचा अर्थ उरत नाही. पाचव्या ते सातव्या आठवड्यात लांब धाव ६, ७ व ८ किलोमीटर होते आणि छोट्या धावा ४ किलोमीटरपर्यंत जातात. शर्यतीच्या आठवड्यात ३ आणि २ किलोमीटरच्या दोन संथ धावा पुरतात. सरावात पूर्ण १० किलोमीटर धावून पाहण्याची गरज नसते.

वेग घड्याळावरून नव्हे, बोलण्यावरून ठरवावा. धावताना आठ-दहा शब्दांचे वाक्य मध्ये न थांबता बोलता आले तर वेग योग्य. दोन-तीन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागला तर तो जास्त. सुरुवातीला २ मिनिटे धावणे व २ मिनिटे चालणे असा क्रम ठेवावा आणि धावण्याचा वाटा वाढवत सातव्या आठवड्यापर्यंत ६ मिनिटे धावणे व १ मिनिट चालणे येथवर यावे.

समजा, एका चाळिशीतल्या नवशिक्या स्त्रीला पहिल्या आठवड्यात ३ किलोमीटरला सुमारे २८ मिनिटे लागली. तिसऱ्या आठवड्यातील लांब धाव तिने उत्साहाच्या भरात वेगाने केली आणि दुसऱ्या दिवशी तिची नडगी आतल्या कडेने दुखू लागली. येथे बोटाने दाबून पाहावे. दुखणे चार-पाच बोटांच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात पसरलेले असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर तो बहुधा अतिताण असतो. तिने उरलेल्या आठवड्यात धावणे थांबवले, दुखत नव्हते तेवढेच चालली आणि चौथ्या आठवड्याच्या हलक्या सरावापासून पुन्हा सुरुवात केली. पण दुखणे हाडावरच्या एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवता येत असेल, रात्री किंवा नुसते उभे राहूनही जाणवत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यावी. ती पहिल्या काही आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसतच नाही, म्हणून ‘चित्र ठीक आले’ एवढ्यावर धावायला लागू नये.

चुकलेली धाव पुढच्या आठवड्यात भरून काढू नये. ताप असताना तर धावूच नये, कारण विषाणुसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. दोन आठवड्यांहून अधिक खंड पडल्यास ही शर्यत सोडून पुढची धरणे शहाणपणाचे.

सातव्या आठवड्यात ८ किलोमीटरला ६७ मिनिटे लागणाऱ्या वरील स्त्रीने शर्यतीसाठी सुमारे ८५ मिनिटे धरावीत. पहिले दोन किलोमीटर गर्दीच्या ओघात वेग वाढतो, तेव्हा बोलण्याची कसोटी पुन्हा लावावी आणि चालण्याची मिनिटे पहिल्यापासूनच घ्यावीत. थकल्यावर घेतलेली विश्रांती तितकी उपयोगी पडत नाही. पाणी तहान लागेल तसे प्यावे, कारण गरजेपेक्षा खूप जास्त प्यायल्याने रक्तातील सोडियम घटू शकते. छातीत दाब, भोवळ, गोंधळल्यासारखे होणे किंवा उन्हात अंगावर काटा येऊन थंडी वाजणे, यांपैकी काहीही झाल्यास अंतर कितीही थोडे उरलेले असो, तेथेच थांबून मदत मागावी.