मिश्रण-समस्येतील प्रमाण-अट

मिश्रण-समस्येतील प्रमाण-अट : दोन किंवा अधिक घटक एकत्र करून माल तयार करताना एखाद्या घटकाचा वाटा, किंवा सबंध मिश्रणाची सरासरी प्रत, ठरावीक मर्यादेच्या वर अथवा खाली राखण्याचे बंधन. ‘मिश्रणात अमुक घटक निदान तीस टक्के हवा’ हे त्याचे नेहमीचे रूप. बोलताना ही अट भागाकाराची असते : घटकाचे वजन भागिले एकूण वजन. रेषीय नियोजनात, म्हणजेच लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये, अज्ञात राशीने भागलेले चालत नाही. तेथे प्रत्येक अज्ञात राशीला ठरलेल्या संख्येने गुणून केलेली बेरीजच लागते. म्हणून अट रेषीय असमानतेत उतरवावी लागते. हे रूपांतर दोन ओळींचे आहे. खरी मेख आहे ती छेदात कोणते वजन धरायचे, या प्रश्नात, आणि या नोंदीचा भर त्यावरच आहे.

उदाहरण गोव्यातील लोहखनिजाचे घेतले आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील खनिज बव्हंशी कमी प्रतीचे असून एकाच खाणीवरच्या दोन ढिगांतही लोहाचे प्रमाण सारखे नसते. खरेदीदार मात्र जहाजभर मालासाठी एकच सरासरी प्रत ठरवून देतो. खाणीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून मुरगावकडे जाणारा माल वाटेत मिसळत जातो, आणि कोणत्या ढिगातून किती टन उचलायचे हे आधी ठरवावे लागते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यानंतर साठलेल्या मालाचे ई-लिलाव झाले. तेव्हा तर हाती असलेल्या ढिगांतूनच मेळ बसवण्यावाचून पर्याय नव्हता.

उगम : या अटीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. मिश्रणाच्या सरासरी प्रतीचे गणित फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२ च्या सुमारास) सुवर्णगणिताचा स्वतंत्र भाग आहे. वेगवेगळ्या वर्णाचे, म्हणजे कसाचे, सोने एकत्र आटवले तर प्रत्येक तुकड्याचे वजन आणि वर्ण यांचे गुणाकार करून बेरीज करावी आणि तिला एकूण वजनाने भागावे, म्हणजे मिश्रणाचा वर्ण मिळतो. त्याला जोडून आणखी एक नियम येतो, तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सोने शुद्ध करताना हीण जळून वजन घटले असेल, तर भागायचे ते उरलेल्या वजनाने. कोणत्या वजनाने भागायचे हा प्रश्न वेगळा ओळखून त्याचा नियम देणे ही साधी गोष्ट नव्हे. महावीराचार्यांच्या नवव्या शतकातील गणितसारसंग्रहातही सुवर्णमिश्रणाची उदाहरणे आढळतात. तरीही ही सारी गणिते समीकरणांची आहेत. प्रत ‘इतकी’ काढायची असते, ‘निदान इतकी’ राखायची नसते.

आधुनिक मांडणीचा आरंभ अनेक लेखक जॉर्ज स्टिग्लर यांच्या १९४५ च्या आहार-समस्येपासून धरतात. ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची किमान गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार शोधणे, असा तो प्रश्न होता. १९४७ मध्ये तोच प्रश्न सिंप्लेक्स या रेषीय नियोजनाची उत्तरे काढण्याच्या पद्धतीने सोडवून पाहण्यात आला. मात्र तेथील अटी ‘इतके प्रथिन पोटात गेले पाहिजे’ अशा निरपेक्ष वजनाच्या आहेत. एकूण अन्नाचे वजन छेदात येतच नाही. म्हणून आहार-समस्येला प्रमाण-अटीची जननी म्हणणे सैल वाटते. चार्न्स, कूपर आणि मेलन यांनी १९५२ मध्ये विमानाच्या पेट्रोलच्या मिश्रणावर प्रसिद्ध केलेला अभ्यास या मानास अधिक जवळचा दिसतो, कारण तेथे तयार मालाच्या प्रतीवरच मर्यादा आहेत. चार्न्स व कूपर यांचेच १९६२ चे अपूर्णांकी नियोजनावरील काम कधी कधी याच्याशी जोडले जाते, पण त्यात भागाकार उद्दिष्टात, म्हणजे जी राशी कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करायची तिच्यात असतो. ते प्रकरण वेगळे आणि अधिक अवघड आहे.

रूपांतर : तीन ढिगांतून अनुक्रमे अ, ब आणि क टन माल घ्यायचा आहे असे समजू. त्यांत लोह ६०, ५७ आणि ५२ टक्के आहे. क हा जुन्या डंपचा माल असून तो संपवायचा म्हणून मिश्रणात त्याचा वाटा निदान ३० टक्के हवा, आणि सरासरी लोह निदान ५६ टक्के हवे. वाट्याची अट प्रथम अशी दिसते :

```
क ÷ (अ + ब + क) ≥ ०.३०
```

छेदातील बेरीज टनांची आहे, ती ऋण असू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना तिने गुणले तरी असमानतेची दिशा पालटत नाही. मग सर्व अज्ञात राशी एका बाजूस आणायच्या :

```
क ≥ ०.३अ + ०.३ब + ०.३क
०.७क − ०.३अ − ०.३ब ≥ ०
```

लोहाचेही तसेच. ६०अ + ५७ब + ५२क ही बेरीज ५६(अ + ब + क) हून कमी नको, यातून मिळते :

```
४अ + ब − ४क ≥ ०
```

या ओळीचा अर्थ जमाखर्चासारखा वाचता येतो. अ ढिगाचा प्रत्येक टन ५६ च्या वर ४ घेऊन येतो, ब चा प्रत्येक टन १, आणि क चा प्रत्येक टन ४ ची तूट आणतो. खाते तुटीत जाऊ नये, एवढेच अट सांगते. गुणक लिहून झाल्यावर असा अर्थ लावून पाहिला की चिन्हाची चूक लगेच सापडते : चांगल्या मालापुढे उणे चिन्ह आले असेल तर दिशा उलटली आहे.

आता ६०,००० टनांचे जहाज भरायचे आहे आणि ढिगांचा खर्च टनामागे २,०००, १,५०० व ८०० रुपये आहे, असे धरू (हे आकडे केवळ उदाहरणापुरते). सर्वांत कमी खर्चाचे उत्तर अ १०,०००, ब ३२,०००, क १८,००० टन असे येते. अ कडून ४०,००० जमा, ब कडून ३२,००० जमा, क कडून ७२,००० तूट, म्हणजे खाते बरोबर शून्यावर आणि लोह नेमके ५६ टक्के. क चा वाटाही नेमका ३० टक्के. एकूण खर्च ८ कोटी २४ लाख रुपये. वाट्याची अट काढून टाकली तर उत्तर ब ४८,००० आणि क १२,००० टन असे बदलते व खर्च ८ कोटी १६ लाखांवर येतो. क सर्वांत स्वस्त, तरी तो जास्त घेण्याची सक्ती ८ लाखांना पडते, कारण २० टक्क्यांच्या पुढे त्याची तूट भरून काढायला महागडा अ घ्यावा लागतो. ढिगाचा भाव पाहून हे कळत नाही.

छेदाचा प्रश्न : लोहाची टक्केवारी प्रयोगशाळेत वाळवलेल्या नमुन्यावर काढतात, तर ट्रकचा काटा आणि बार्जची नोंद ओल्या मालाचे वजन देते. गोव्यातील पावसाळा काढलेल्या ढिगात हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नसतो. वरच्या उदाहरणात अ आणि ब मध्ये ६ टक्के, क मध्ये १० टक्के ओल आहे असे समजा, आणि कोणी १०,०००, ३२,००० व १८,००० हे आकडे ओल्या टनांतच उचलले. कोरडे वजन ९,४००, ३०,०८० आणि १६,२०० टन, एकूण ५५,६८० टन उरते. लोह ५६.०५ टक्के भरते, म्हणजे ती अट सुखाने पाळली गेली. क चा वाटा मात्र २९.१ टक्क्यांवर घसरला. एकच चूक एका अटीला पोषक आणि दुसरीला मारक ठरते, त्यामुळे फक्त लोह तपासणाऱ्याच्या ती नजरेस येत नाही. अज्ञात राशी ओल्या टनांत ठेवायच्या असतील तर प्रत्येक गुणक त्या ढिगाच्या कोरड्या अंशाने गुणावा :

```
३.७६अ + ०.९४ब − ३.६क ≥ ०
```

वाट्याची अट कोरड्या वजनावर आहे की ओल्या, हे कराराच्या मजकुरातूनच ठरवावे लागते. गणित ते सांगत नाही.

दुसरी चूक भाषेतून येते. गवंडी ‘एकास चार’ म्हणतो तेव्हा सिमेंटचा वाटा पंचवीस नव्हे, वीस टक्के असतो. ‘अ आणि ब निदान दोनास तीन’, म्हणजे ब च्या तीन टनांमागे अ निदान दोन टन, ही अट ३अ ≥ २ब अशी लिहितात. तिच्यात क चा संबंध नाही. ‘अ निदान चाळीस टक्के’ या अटीत क छेदात येतो. दोनच घटक असताना या दोन्ही अटी एकच असतात, तिसरा आला की फारकत होते.

मर्यादा : मार्च २०१६ पासून ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजाला निर्यात-शुल्कातून सूट मिळाली (२०२२ मध्ये मे ते नोव्हेंबर हा काळ वगळता). ‘५८ हून कमी’ ही कडक असमानता रेषीय नियोजनात मांडता येत नाही, कारण ५८ च्या अलीकडचा शेवटचा आकडा असा काही नसतो. म्हणून ५७.९ सारखी मर्यादा घेऊन २.१अ − ०.९ब − ५.९क ≤ ० अशी अट लिहितात. किती अंतर ठेवायचे हे नमुना घेण्यातील चुकीवर ठरते.

गुणून काढलेल्या अटीत शून्य टनांचे मिश्रण नेहमीच बसते, कारण ० ≥ ० खरे आहे. मूळ भागाकाराला तेथे अर्थच नसतो. एकूण टन ठरवून दिले नसतील तर यातून एक फसवे उत्तर येते. अ निदान ४०, ब निदान ३५, क निदान ३० टक्के अशा अटी घातल्या तर बेरीज १०५ होते. तिन्ही असमानता मिळवल्या की −०.०५(अ + ब + क) ≥ ० उरते आणि ते फक्त शून्यातच शक्य आहे. संगणक ‘उत्तर सापडले’ म्हणतो आणि सगळे आकडे शून्य देतो. असे दिसले की भाव तपासण्याआधी किमान वाट्यांची बेरीज करून पाहावी.

ब आणि क आधी धक्क्यावर एका ढिगात मिसळले आणि मग तो ढीग दोन जहाजांत वाटला, तर ढिगाची प्रतच अज्ञात होते. प्रत गुणिले टन हा दोन अज्ञातांचा गुणाकार बनतो आणि वरील रूपांतर तेथे लागू पडत नाही. याला साठा-मिश्रणाची समस्या म्हणता येईल. तिचे लहान नमुना-उदाहरण हॅव्हर्ली यांनी १९७८ मध्ये दिले. लोह, ॲल्युमिना, सिलिका ही प्रमाणे वजनावर असल्याने सरासरीचा नियम त्यांना अचूक लागतो. पेट्रोलच्या ऑक्टेन अंकाबाबत तो केवळ अंदाजापुरता चालतो.