पॉइंटिंगचे प्रमेय

विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र आणि त्यातील प्रभार यांच्यातील ऊर्जेचा जमाखर्च सांगणारे प्रमेय. अवकाशातील कोणताही बंदिस्त भाग घेतला, तर त्याच्या सीमेतून दर सेकंदाला आत येणारी विद्युत्‌चुंबकीय ऊर्जा दोन वाटांनी जाते. काही ऊर्जेमुळे त्या भागातील क्षेत्राचा साठा वाढतो आणि उरलेली प्रभारांवर कार्य करण्यात खर्च होते. तिसरी वाट नाही. इंग्रज भौतिकीविज्ञ जॉन हेन्री पॉइंटिंग (१८५२–१९१४) यांनी हे प्रमेय १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात मांडले. त्याच सुमारास ऑलिव्हर हेव्हिसाइड हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते.

निर्वातासाठी प्रमेयाचे बिंदुगणिक रूप असे आहे :

∂u/∂t + ∇·S = −J·E

येथे E हे विद्युत् क्षेत्र, B हे चुंबकीय क्षेत्र आणि ε₀ व μ₀ हे निर्वाताचे विद्युत् व चुंबकीय स्थिरांक. u = ½(ε₀E² + B²/μ₀) ही क्षेत्राची ऊर्जा घनता, म्हणजे दर घनमीटरमागे क्षेत्रात साठलेली ऊर्जा. J ही विद्युत् प्रवाहाची घनता. S = (E×B)/μ₀ या राशीला पॉइंटिंग सदिश म्हणतात. तिचे एकक वॉट प्रति चौ. मीटर असून ऊर्जा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहते आहे, हे ती दाखवते.

एकूण ऊर्जा अक्षय्य आहे, एवढेच या समीकरणाचे म्हणणे नाही. एका ठिकाणची ऊर्जा नाहीशी होऊन त्याच क्षणी दूरच्या ठिकाणी प्रकट झाली, तरी एकूण बेरीज जुळलीच असती. पॉइंटिंगचे प्रमेय अशी उडी मान्य करत नाही. ऊर्जा एका जागेहून दुसऱ्या जागी जायची असेल, तर तिने मधल्या प्रत्येक पृष्ठातून पार झाले पाहिजे.

उजव्या बाजूच्या J·E कडे नीट पाहावे लागते. वेग v असलेल्या q प्रभारावर q(E + v×B) एवढे बल असते. त्यातला चुंबकीय भाग वेगाला नेहमी काटकोनात असल्याने तो कार्य करत नाही, आणि कार्याचा दर qE·v एवढाच उरतो. अनेक प्रभारांसाठी तोच दर, दर घनमीटरमागे, J·E होतो. तो धन असेल तर क्षेत्र प्रभारांना ऊर्जा देते, उदाहरणार्थ रोधकात. तो ऋण असेल तर प्रभार क्षेत्राला ऊर्जा देतात. बॅटरीच्या आत रासायनिक क्रिया प्रभारांना विद्युत् क्षेत्राच्या विरुद्ध ढकलते, म्हणून तेथे J·E ऋण असते आणि S बाहेरच्या दिशेने निघतो. चिन्हांचा गोंधळ होतो तो बहुधा येथेच. बॅटरी आणि रोधक दोन्ही सीमेच्या आत घेतले आणि प्रवाह स्थिर असला, तर सीमेतून निव्वळ काहीच ये-जा होत नाही.

सिद्धता थोडक्यात होते. मॅक्सवेलने सुधारलेल्या अँपिअरच्या नियमावरून J = (1/μ₀)∇×B − ε₀∂E/∂t असे लिहून दोन्ही बाजूंचा E शी अदिश गुणाकार करायचा. मग E·(∇×B) = B·(∇×E) − ∇·(E×B) ही सदिश नित्यसमानता वापरायची आणि ∇×E च्या जागी फॅराडेच्या नियमानुसार −∂B/∂t ठेवायचे. B·∂B/∂t हा B² च्या कालिक बदलाच्या निम्मा असतो, E चेही तसेच. त्यातून u तयार होतो आणि उरलेले पद −∇·S हे असते. वेगळे कोणतेही गृहीतक घ्यावे लागत नाही. म्हणजे ऊर्जेची अक्षय्यता येथे वरून लादलेली नाही, ती मॅक्सवेलच्या समीकरणांतच आहे.

प्रमेयाचा खरा अर्थ प्रवाह वाहणाऱ्या साध्या तारेत उलगडतो. पॉइंटिंग यांनीही आपल्या निबंधात सरळ तारेचे उदाहरण घेतले होते. समजा, १ मिमी. त्रिज्येची तांब्याची तार एका समाक्ष केबलचा मधला वाहक आहे. भोवती ४ मिमी. आंतर्त्रिज्येची, रोध नगण्य असलेली धातूची नळी असून ती परतीचा वाहक आहे. दोन्हींमध्ये निर्वात आहे, विभवांतर १२ व्होल्ट आणि प्रवाह १० अँपिअर. म्हणजे केबल १२० वॉट शक्ती पुढे नेते.

तांब्याची रोधकता सुमारे १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर तारेच्या दर मीटरचा रोध ०.००५३५ ओहम येतो. म्हणून तारेत तिच्या लांबीच्या दिशेने ०.०५३५ व्होल्ट प्रति मीटर एवढे क्षेत्र असते, आणि तेच पृष्ठालगत बाहेरही असते. पृष्ठावर B/μ₀ = I/2πa = १५९२ अँपिअर प्रति मीटर असून ते तारेभोवती वर्तुळाकार आहे. या दोन क्षेत्रांचा सदिश गुणाकार तारेच्या अक्षाकडे, म्हणजे आतल्या दिशेने येतो आणि त्याचे मूल्य सुमारे ८५ वॉट प्रति चौ. मीटर भरते. एक मीटर तारेचे पृष्ठ ०.००६२८ चौ. मीटर, तेव्हा बाजूने आत शिरणारी शक्ती ०.५३५ वॉट. ओळखीच्या I²R सूत्रानेही १०० × ०.००५३५ = ०.५३५ वॉटच येते. तारेला तापवणारी ऊर्जा तारेच्या टोकातून नव्हे, तिच्या बाजूच्या पृष्ठातून आत येते.

आत शिरल्यावर ती वाटेतच खर्च होत जाते. अक्षापासून r अंतरावर S = EJr/2 असतो, म्हणून निम्म्या त्रिज्येच्या दंडगोलापर्यंत पोहोचते ती फक्त एक चतुर्थांश शक्ती. उरलेली तीन चतुर्थांश बाहेरच्या थरात उष्णता झालेली असते, आणि तारेचा तेवढाच घनफळाचा हिस्सा त्या थरात असतो.

मग १२० वॉट कोठून जातात? तारेच्या पृष्ठावर प्रभार साचलेले असतात आणि त्यांच्यामुळे तार व नळी यांच्यामधल्या पोकळीत त्रिज्येच्या दिशेने विद्युत् क्षेत्र असते. तारेलगत ते १२/(०.००१ × ln ४), म्हणजे सुमारे ८,६६० व्होल्ट प्रति मीटर आहे. त्याचा B शी गुणाकार केबलच्या लांबीच्या दिशेने येतो आणि तेथे S सुमारे १.३८ कोटी वॉट प्रति चौ. मीटर होतो. पोकळीच्या सर्व छेदावर त्याची बेरीज केली, की बरोबर VI = १२० वॉट मिळतात. पुढे नेली जाणारी ऊर्जा अशी संपूर्णपणे दोन वाहकांमधल्या रिकाम्या जागेतून जाते. धातू तिला वाट दाखवतो आणि त्यासाठी थोडा कर घेतो. एक मीटर पुढे विभवांतर ०.०५३५ व्होल्टने कमी झालेले असते, म्हणून तेथील छेदातून ११९.४६५ वॉटच जातात. कमी पडलेले ०.५३५ वॉट तारेत शिरलेले आपण आधीच मोजले आहेत. S च्या लांबीच्या दिशेच्या आणि आतल्या दिशेच्या भागांत एक लाख साठ हजार पटींचे अंतर आहे, म्हणजे ऊर्जेच्या रेषा तारेकडे किंचितच झुकलेल्या असतात.

हे उदाहरण शिकवताना पृष्ठावरील प्रभार बहुतेक वेळा गाळले जातात. मग ऊर्जा तारेत शिरते एवढेच दिसते, ती बॅटरीपासून तेथवर कशी आली ते दिसत नाही, आणि विद्यार्थ्याला सगळे प्रकरण संशयास्पद वाटते. तो संशय रास्तच आहे. अर्धेच क्षेत्र विचारात घेतले, तर हिशेबही अर्धाच राहतो.

स्थिर प्रवाहात ∂u/∂t शून्य असतो. साठ्याचे पद पाहायचे तर भारित होत असलेले धारित्र घ्यावे. वर्तुळाकार पट्ट्यांमध्ये E वाढत असताना अक्षापासून r अंतरावर B = ½μ₀ε₀r ∂E/∂t एवढे चुंबकीय क्षेत्र तयार होते. S पट्ट्यांच्या कडेकडून आत वळतो. d उंचीच्या दंडगोलाच्या बाजूने येणारी शक्ती ε₀E(∂E/∂t)πr²d भरते, आणि ½ε₀E² गुणिले घनफळ या साठ्याच्या वाढीचा दरही तोच आहे. येथे चुंबकीय ऊर्जा सोडून दिलेली आहे. भारण सावकाश होत असेल, म्हणजे प्रकाशाला पट्टी ओलांडायला लागणाऱ्या वेळाच्या मानाने फार संथ, तर ते चालते. तसे नसेल तर E ही सर्वत्र सारखे राहत नाही.

प्रत्यावर्ती क्षेत्रांत सरासरी काढताना एक चूक हमखास होते. E आणि B/μ₀ यांची सदिश रूपे संमिश्र संख्यांत लिहिली, तर त्यांचा थेट गुणाकार घेऊन चालत नाही. सरासरी S साठी एकाचे संयुग्मी घेऊन गुणाकाराच्या वास्तव भागाचे निम्मे करावे लागते. संगणकावर क्षेत्रांची गणना करतानाही अशीच अडचण येते. प्रचलित पद्धतीत विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे गणनेच्या अर्ध्या कालपायरीच्या फरकाने काढली जातात. ती तशीच गुणली, तर रोध नसलेल्या पेटीतही ऊर्जा निर्माण होताना किंवा मुरताना दिसते. बंदिस्त पेटीसाठी तिन्ही पदांची बेरीज शून्य येते का, हे पाहिले की गणनेतील असा दोष लगेच उघडा पडतो.

पदार्थांत प्रमेय वापरताना पदार्थाचा प्रतिसाद धरून लिहिलेली D हे विद्युत् आणि H हे चुंबकीय अशी दोन क्षेत्रे लागतात. तेथे S = E×H घेतात आणि J मध्ये फक्त मुक्त प्रभारांचा प्रवाह धरतात. तेव्हा साठ्याच्या पदाऐवजी E·∂D/∂t + H·∂B/∂t येते. ते नेहमी एखाद्या साठ्याच्या बदलाचा दर असतेच असे नाही. लोखंडात चुंबकन मागे रेंगाळते, आणि प्रत्यावर्ती प्रवाहाच्या एका पूर्ण आवर्तनानंतर H·dB ची बेरीज शून्य होत नाही. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात गेलेली असते, म्हणून तिला साठा म्हणणे चूक ठरते.

प्रमेयाची एक मर्यादा त्याच्या रूपातच आहे. समीकरणात S चा फक्त डायव्हर्जन्स ∇·S, म्हणजे बिंदूतून बाहेर पडणारा निव्वळ प्रवाह, येतो आणि कोणत्याही कर्लचा, म्हणजे ∇× ने मिळणाऱ्या सदिशाचा, डायव्हर्जन्स शून्यच असतो. म्हणून S मध्ये कोणत्याही सदिशाचा कर्ल मिळवला, तरी बंदिस्त पृष्ठाचा हिशेब बदलत नाही. ऊर्जा नेमक्या कोणत्या वाटेने गेली, याचे उत्तर एकट्या या प्रमेयातून मिळत नाही. तरीही E×B हीच निवड रूढ झाली, कारण S/c² ही क्षेत्राची संवेग घनता ठरते आणि संवेगाला मोजता येण्याजोगे परिणाम असतात. स्थिर प्रभार आणि कायम चुंबक शेजारी ठेवले, तर काहीच हलत नसताना S मात्र चुंबकाभोवती वर्तुळात फिरत राहतो. ही निरर्थक गणिती करामत वाटते. पण त्या फिरत्या प्रवाहाला कोनीय संवेग असतो, आणि क्षेत्र बदलले की तो प्रभारित वस्तूला मिळून ती वळते. १९८० मध्ये ग्रॅहम आणि लाहोझ यांनी चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या दंडगोलाकार धारित्रावर अशा परिणामाचे मापन केले.